खाट एक, दरवाजे तीन: वरूडहून पाहिलेला 80:20 चा नियम



मागच्या लेखानंतर दोघातिघांनी विचारलं, "वितरणात्मक न्याय हा विषय नेटच्या अभ्यासक्रमात आहे, पण त्याच्यावर संशोधन कसं करायचं? रॉल्स आणि नोझिक यांची तुलना तर सगळ्या पुस्तकांत आहेच की." प्रश्न बरोबर आहे. म्हणून आज पुस्तकातली तुलना बाजूला ठेवू आणि एक अ‍ॅम्ब्युलन्स घेऊ. ती वरूडहून निघाली आहे आणि तिच्यात ऑक्सिजनचं एक छोटं सिलिंडर आहे.

एप्रिल 2021. आमचे शेजारी काका, वय 61, संत्र्याच्या बागेतले. ऑक्सिजन 84 वर आलेला. वरूड अमरावती जिल्ह्यात असलं तरी अमरावती आणि नागपूर ही दोन्ही शहरं आम्हाला नव्वद-शंभर किलोमीटरच्या अंतराने जवळजवळ सारखीच. त्यामुळे पहिला प्रश्न हाच की गाडी कुठे वळवायची. मी फोनवर होतो. एका रुग्णालयाने "या" म्हटलं, अर्ध्या तासाने "खाट गेली" म्हटलं. दुसऱ्याने आधी अनामत किती भरणार ते विचारलं. ड्रायव्हर काटोलच्या अलीकडे थांबून म्हणाला, "भाऊ, सिलिंडर पुरते तवरच आपला रस्ता हाये. पुढं कुठं जायचं थे आत्ताच सांगा."

तो ड्रायव्हर नकळत एक गणित सांगत होता. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या छोट्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटर दिला तर तो 150 मिनिटं पुरतो. 15 लिटर द्यावा लागला तर 100 मिनिटंच. वरूडहून नागपूरला पोचायलाच दोन तास लागतात. म्हणजे एका रुग्णालयाने "नाही" म्हटलं तर दुसऱ्याच्या दारात उभं राहायला आमच्याकडे अर्धा तास होता, आणि प्रवाह वाढवावा लागला असता तर तोही नव्हता.

हे आकडे लक्षात ठेवा, शेवटी ते परत लागणार आहेत. आता जरा इतिहासात जाऊ.

"खाट शिल्लक नाही": 1992 ची एक रात्र

खाट मिळणं हा हक्क आहे का, या प्रश्नावर आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. प्रकरण पश्चिम बंगालचं आहे. हाकिम शेख नावाचे शेतमजूर जुलै 1992 मध्ये रेल्वेतून पडले, डोक्याला गंभीर मार लागला. त्यांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून कोलकात्यापर्यंत एकामागून एक सरकारी रुग्णालयांत. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी एका खासगी रुग्णालयात उपचार झाले आणि सुमारे 17,000 रुपयांचं बिल झालं. न्यायालयाने सांगितलं की तातडीच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही हे सरकारला कारण म्हणून सांगता येणार नाही. 25,000 रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

बहुतेक नोट्समध्ये निकाल इथेच संपतो. पण त्यात आणखी एक सूचना आहे, जी माझ्या मते जास्त मोलाची आहे. राज्य पातळीवर एक मध्यवर्ती संपर्क व्यवस्था असावी, म्हणजे जिथे खाट रिकामी आहे तिथेच रुग्णाला थेट पाठवता येईल, असं न्यायालयाने म्हटलं होतं. म्हणजे न्यायालयाला एक गोष्ट नीट दिसली होती: खाटा किती आहेत याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न खाट कुठे आहे हे कोणाला कळतं, हा आहे.

आता महाराष्ट्रात येऊ. आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 एए आहे. त्याच्या आधारे उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना 2006 पासून लागू झाली: 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. त्यासाठी रुग्णालयाने एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. ट्रस्टच्या रुग्णालयांना करात आणि इतर बाबतीत सवलती मिळतात, त्याची ही परतफेड.

मग कोविड आला. 21 मे 2020 च्या अधिसूचनेने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले. साधा विलगीकरण वॉर्ड दिवसाला जास्तीत जास्त 4,000 रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभाग 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. उरलेल्या 20 टक्के खाटांवर रुग्णालय आपले दर लावू शकत होतं. अधिसूचनेला आधार म्हणून जे कायदे घेतले त्यात 1897 चा साथरोग कायदा होता, आणि तो मुंबईच्या प्लेगच्या वेळी केलेला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आजाऱ्याला घरातून बाहेर काढण्यासाठी केलेला कायदा आता आजाऱ्याला रुग्णालयात आत घेण्यासाठी वापरला जात होता.

80:20 मध्ये तीन विचारसरणी कुठे बसल्या आहेत?

हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो नेहमीचा सरकारी तोडगा वाटला, थोडं यांचं थोडं त्यांचं. नीट पाहिल्यावर लक्षात आलं की त्यात तिन्ही विचारसरणी आहेत, पण प्रत्येक वेगळ्या दरवाजावर उभी आहे.

सुरुवात गरजेपासून करू. 1962 मध्ये बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने समतेवरच्या एका निबंधात साधं वाटणारं विधान केलं: वैद्यकीय उपचार वाटण्याचा योग्य आधार म्हणजे आजारपण. श्रीमंत आजारी आणि गरीब आजारी यांची गरज सारखी असेल आणि उपचार पैशावर मिळत असतील, तर तिथे कारण आणि वाटप यांची फारकत झाली. आपल्या गावच्या कोणत्याही म्हातारीला हे पटेल. तापाच्या औषधावर हक्क कोणाचा? ज्याला ताप आहे त्याचा.

रॉबर्ट नोझिकने 1974 च्या पुस्तकात या विधानालाच हात घातला. त्याचा प्रश्न असा: केशकर्तनाचा हेतू केस कापणं हा आहे, म्हणून न्हाव्याने ज्याचे केस जास्त वाढलेत त्याचेच आधी कापावेत असं आपण म्हणतो का? तो आपलं काम कोणाला, किती पैशात द्यायचं हे स्वतः ठरवतो. मग डॉक्टरला वेगळा नियम का? नोझिकच्या मते वस्तू आणि सेवा आभाळातून पडत नाहीत. त्या कोणीतरी केलेल्या असतात आणि करणाऱ्याचा त्यांच्यावर हक्क असतो. ज्याने कर्ज काढून वीस खाटांचं हॉस्पिटल बांधलं, त्याच्या खाटा समाजाने परस्पर वाटून टाकायच्या हा त्याच्यावर अन्याय आहे. हा स्वातंत्र्यवादी, म्हणजे लिबर्टेरियन, विचार.

हा युक्तिवाद हास्यास्पद समजून पुढे जाऊ नका. आपल्याच नागपूर खंडपीठासमोर हॉस्पिटलांच्या संघटनेने दरनियंत्रणाला आव्हान दिलं होतं, आणि कोविड नसलेल्या रुग्णांकडून किती पैसे घ्यावेत हे या अधिसूचनांनी ठरवता येणार नाही, असा निकाल ऑक्टोबर 2020 मध्ये लागला. म्हणजे साथीच्या ऐन काळातही मालकी हक्काचा मुद्दा न्यायालयात टिकण्याइतका भक्कम होता.

पण नोझिकच्या मांडणीत एक अट आहे: वस्तू तुमच्याकडे न्याय्य मार्गाने आलेली हवी. इथे विदर्भातला तपशील उपयोगी पडतो. एप्रिल 2021 मध्ये खाट म्हणजे लोखंडी पलंग आणि गादी नव्हतीच. खाट म्हणजे ऑक्सिजन. आणि तो ऑक्सिजन भिलाईसारख्या ठिकाणांहून टँकरने येत होता, आणि कोणाला किती हे सरकार ठरवत होतं. ट्रस्टच्या रुग्णालयांना सवलतीही होत्या. मग पलंग डॉक्टरांचा, पण त्याला "कोविड खाट" बनवणारा वायू सार्वजनिक वाटपातला. अशा मिश्र वस्तूवर पूर्ण मालकी सांगता येते का? माझ्या मते स्वातंत्र्यवादी विचाराला इथे खरी अडचण होते, आणि ती त्याच्याच नियमाने होते.

आता समता. समतावादी लोकांमध्येही दोन घरं आहेत, ही गोष्ट परीक्षेत बरेच जण विसरतात. एक कडक घर: प्रत्येक जिवाची किंमत सारखी, म्हणून प्रत्येकाला सारखी संधी द्या. जॉन टॉरेक याने 1977 मध्ये तर असं मांडलं की एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला पाच असतील, तरी नाणं उडवणं योग्य ठरू शकतं. दुसरं घर रॉल्सचं, 1971 चं: विषमता चालेल, पण तिचा फायदा सगळ्यात खालच्या माणसाला झाला पाहिजे. रॉल्सने स्वतः आरोग्यसेवेवर फारसं लिहिलं नाही. ते काम पुढे नॉर्मन डॅनियल्सने केलं.

80:20 मधल्या 20 टक्क्यांचं समर्थन रॉल्सच्या घरातून करता येतं. समजा 50 खाटांचं हॉस्पिटल आहे. 40 खाटा बांधलेल्या दराने, 10 मोकळ्या दराने. दहा खाटांवरच्या जास्त पैशातून परिचारिकांचे पगार निघतात आणि त्यामुळे 40 खाटा चालू राहतात. वीस टक्के काढून टाकले तर हॉस्पिटल बंद पडेल आणि चाळीस जणांची खाटही जाईल. मग ही विषमता गरिबाच्याच फायद्याची झाली, बरोबर?

इथे जरा थांबा. हा युक्तिवाद कधी खरा आणि कधी खोटा ते पाहा. मे-जून 2020 मध्ये अनेक ठिकाणी खाटा रिकाम्या होत्या. तेव्हा मोकळ्या दराचा रुग्ण कोणाची जागा अडवत नव्हता, उलट तिजोरीत भर घालत होता. एप्रिल 2021 मध्ये चाळीसही भरलेल्या आणि दारात एकेचाळिसावा उभा. त्याला दहापैकी एक खाट रिकामी दिसते, पण तो तिथे जाऊ शकत नाही. आता तीच विषमता त्याला मदत करत नाही, त्याची जागा घेते. नियम तोच, कागद तोच, पण टंचाई एका मर्यादेपलीकडे गेली की समर्थन उलटं होतं. म्हणून "80:20 न्याय्य होतं का?" हा प्रश्न अर्धवट आहे. "किती खाटा भरलेल्या असताना?" हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

एक खाट, तिघे जण

आता एक काल्पनिक प्रसंग हातात घेऊन सोडवू. रात्रीचे दहा. एका शहरातल्या रुग्णालयात व्हेंटिलेटरची एक खाट रिकामी झाली आहे.

पहिला रुग्ण त्याच रुग्णालयाच्या वॉर्डात आहे. वय 70, ऑक्सिजन मास्कवरही 70 च्या आसपास, किडनी आणि रक्तदाब दोन्ही ढासळलेले. घरचे म्हणतात, कितीही पैसे लागू द्या. दुसरी रुग्ण आकस्मिक विभागात, वय 38, ऑक्सिजन मास्कवर 86, बाकी अवयव ठीक, शहरातलीच. तिसरे वरूड तालुक्यातले, वय 61, मास्कवर 84, बाकी अवयव ठीक. त्यांच्या घरून संध्याकाळी सहाला फोन आला होता, तिघांत सगळ्यात आधी. पण ते अजून काटोलच्या रस्त्यावर आहेत.

मोकळ्या बाजारात खाट पहिल्याला जाते. चिठ्ठी टाकली तर तिघांना सारखी संधी. "आधी येईल त्याला आधी" म्हटलं तर आधी कोण, फोन करणारा की दारात उभा राहणारा, यावर सगळं ठरतं. आणि गरज म्हटली तर?

गरजेचा अर्थ इथे दोन तुकड्यांत फुटतो. गरज म्हणजे कोण सगळ्यात जास्त आजारी असं धरलं, तर पहिला रुग्ण. गरज म्हणजे या खाटेने कोणाचा जीव वाचण्याची शक्यता जास्त वाढते असं धरलं, तर दुसरी किंवा तिसरा. बऱ्याच देशांच्या टंचाईकालीन नियमावल्या दुसरा अर्थ घेतात. त्यासाठी सोफा नावाचा गुणांक वापरतात: फुप्फुस, रक्त, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि किडनी या सहा गोष्टींना प्रत्येकी 0 ते 4 गुण, एकूण 24. गुण जितके जास्त तितके अवयव जास्त बिघडलेले. न्यूयॉर्क राज्याच्या 2015 च्या व्हेंटिलेटर नियमावलीत अशी छाननी आहे, आणि दोघांची स्थिती सारखी निघाली तर "आधी आला" हा निकष न लावता चिठ्ठीने ठरवा असं सांगितलं आहे. खाट दिल्यावरही 48 आणि 120 तासांनी पुन्हा तपासणी करायची.

चिठ्ठी का, "आधी आला" का नाही? कारण आधी येणं हे नशीब नसतं. ज्याच्याकडे गाडी आहे, ओळख आहे, ज्याचं घर दवाखान्याजवळ आहे, तो आधी येतो. रांग दिसायला समतावादी असते, पण रांगेत उभं राहण्याची किंमत प्रत्येकाला सारखी नसते.

आपल्या प्रसंगात दुसरी आणि तिसरा यांची वैद्यकीय स्थिती जवळपास सारखी. न्यूयॉर्कच्या पद्धतीने त्यांच्यात चिठ्ठी. पण इथेच खरी मेख आहे: चिठ्ठीच्या डब्यात तिसऱ्याचं नाव टाकायचं कोणी? रात्री दहाला डॉक्टर समोर दोघंच पाहतात. त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे, कोणाचा खिसा न पाहता, गरजेनुसार निर्णय घेतला तरी तिसरा त्या निर्णयात नाहीच. त्याच्याविरुद्ध कोणी निकाल दिला नाही, त्याचा विचारच झाला नाही.

एप्रिल 2021 मध्ये नागपुरातल्या एका 85 वर्षांच्या गृहस्थांनी तरुण रुग्णासाठी आपली खाट सोडल्याची गोष्ट देशभर पसरली. तिच्या तपशिलांवर पुढे वाद झाला, त्यात आपण पडायला नको. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की खाट सोडता येते, पण कोणाला द्यायची हे सोडणाऱ्याच्या हातात नसतं. ती परत त्याच दारातल्या रांगेत जाते. एकट्याचा त्याग आणि सार्वजनिक वाटप यांत हा फरक आहे.

तीन दरवाजे

आता सगळं एकत्र बांधू. वरूडचा रुग्ण खाटेपर्यंत पोचतो तेव्हा तो तीन दरवाजे ओलांडतो.

पहिला दरवाजा माहितीचा आणि अंतराचा: खाट कुठे आहे हे कळणं आणि तिथवर जिवंत पोचणं. दुसरा पैशाचा: अनामत, दर, 80 की 20. तिसरा डॉक्टरांचा: आलेल्यांपैकी आधी कोण.

आपली तत्त्वज्ञानाची चर्चा जवळजवळ सगळी तिसऱ्या दरवाजावर होते. सरकारचा मोठा नियम दुसऱ्या दरवाजावर होता. तोही पूर्ण नाही, कारण 4,000-7,500-9,000 हे दर खाटेचे होते. पीपीई किट, सीटी स्कॅन, महागडी इंजेक्शनं त्यात धरलेली नव्हती. खाट बांधलेल्या दराची आणि बिल न बांधलेलं, असं होऊ शकत होतं. म्हणून अनेक शहरांत बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमावे लागले. मे 2020 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना उत्पन्नाची अट न ठेवता राज्यातल्या सगळ्यांना खुली केली, पण ती योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच चालायची. म्हणजे पुन्हा तेच, आधी त्या रुग्णालयात पोचा.

पहिल्या दरवाजावर मुंबईने बरंच काम केलं. जून 2020 मध्ये महापालिकेने 24 प्रभागांत वॉर रूम उघडल्या, खाटांचं वाटप तिथून होऊ लागलं. रुग्णाने रुग्णालयांना फोन लावत बसायचं नाही, प्रभागाने त्याला फोन करून कुठे जायचं ते सांगायचं. 1996 च्या निकालातली सूचना 24 वर्षांनी एका शहरात उतरली. जिल्ह्यांमध्येही नियंत्रण कक्ष होते, पण जिल्हा ही हद्दच आमच्यासाठी अडचणीची. वरूड अमरावती जिल्ह्यात, रस्ता नागपूरकडेही तेवढाच, आणि वर मध्य प्रदेशची सीमा. तिकडचे रुग्णही नागपूरला येत होते. एका जिल्ह्याच्या कक्षाला शेजारच्या जिल्ह्यातली रिकामी खाट दिसत नसेल, तर सीमेवरच्या तालुक्याला दोन अर्ध्या याद्या मिळतात आणि एकही पूर्ण मिळत नाही.

जून 2021 मध्ये सरकारने दर शहरांच्या वर्गांनुसार बदलले. व्हेंटिलेटरची खाट नागपूरसारख्या अ वर्गात 9,000, अमरावतीसारख्या ब वर्गात 6,700 आणि उरलेल्या क वर्गात 5,400. कागदावर पाहिलं तर वरूडकराला सगळ्यात स्वस्त खाट. पण राज्यात ग्रामीण रुग्णालयाचा नेहमीचा आराखडा 30 खाटांचा, आणि गंभीर रुग्ण पुढे पाठवायचा हेच त्याचं काम. जी खाट गावात नाही तिचा दर कमी करून गावाला काय मिळतं? रुग्ण शेवटी 9,000 च्या किंवा 6,700 च्या दारातच जातो, वर अ‍ॅम्ब्युलन्सचं भाडं. दराची समता आणि खाटेची समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. समता, स्वातंत्र्य आणि गरज यांपैकी कोणतं तत्त्व बरोबर यावर आपण भांडतो, पण ते तत्त्व कोणत्या रांगेला लावलं हे आधी विचारत नाही. गरजेचं तत्त्व सगळ्यात माणुसकीचं वाटतं. पण ते फक्त दारात आलेल्यांना लावलं, तर अंतराने आणि पैशाने आधीच केलेली निवड ते मुकाट्याने मान्य करतं, आणि वर तिला वैद्यकीय निर्णयाचा शिक्का मिळतो.

तुमच्या संशोधनासाठी यात काय?

हा फक्त तत्त्वज्ञानाचा मुद्दा नाही, माहिती गोळा करण्याचाही आहे. मी विज्ञानातून आलो, त्यामुळे सुरुवातीला मलाही वाटलं की रुग्णालयाच्या नोंदवह्या मिळाल्या की न्याय मोजता येईल. दाखल रुग्णांचं वय, उत्पन्न, आजाराची तीव्रता, खाटेचा प्रकार घ्या आणि गरजेनुसार वाटप झालं का ते तपासा. या पद्धतीने एखादं रुग्णालय अगदी न्याय्य निघू शकतं. कारण ज्याला फोनवर "नाही" म्हटलं तो नोंदवहीत नसतो. ज्याने अनामतीचा आकडा ऐकून गाडी परत फिरवली तो नसतो. ज्याचं सिलिंडर वाटेत संपलं तो तर नसतोच. तुमचा नमुना तिसऱ्या दरवाजाच्या आतला असतो आणि निष्कर्ष मात्र तुम्ही पूर्ण तालुक्याबद्दल काढता.

मग कुठे शोधायचं? अ‍ॅम्ब्युलन्सच्या फेऱ्यांच्या नोंदी, नियंत्रण कक्षाच्या फोनच्या नोंदी, ग्रामीण रुग्णालयाची संदर्भ चिठ्ठ्यांची वही (कोणाला, कधी, कुठे पाठवलं), आणि ग्रामपंचायतीची मृत्यू नोंद. संदर्भ चिठ्ठी फाटली आणि शहरातल्या कोणत्याच रुग्णालयात ते नाव उमटलं नाही, तर त्या दोन कागदांच्या मधल्या अंतरात तुमचा प्रश्न आहे. नावांची गोपनीयता पाळावी लागेल, नैतिकता समितीची परवानगी लागेल, वह्या अर्ध्या भरलेल्या असतील, फोनच्या नोंदी पुसलेल्या असतील. पण शोधायची जागा हीच.

काकांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या रात्री तिसऱ्या रुग्णालयात खाट मिळाली, तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. काका वाचले, यंदाही बागेत मृग बहार धरला त्यांनी. त्यांची नोंद आहे: नाव, वय, दाखल झाल्याची वेळ, खाटेचा क्रमांक. आमच्या गाडीच्या पुढे काटोलच्या रस्त्यावर आणखी एक अ‍ॅम्ब्युलन्स होती. ती एका पेट्रोल पंपाजवळ कडेला थांबली, आणि थोड्या वेळाने वळून परत वरूडच्या दिशेने गेली. आमच्या ड्रायव्हरने फक्त एकदा आरशात पाहिलं आणि काही बोलला नाही.

त्या गाडीची नोंद कुठे सापडेल, याच्यावर विचार करा. पुढच्या लेखात संदर्भ चिठ्ठ्यांच्या वह्या कशा वाचायच्या ते पाहू.